घरच्या कॅमेऱ्याचा क्लाउड प्लॅन: किती दिवसांचा, किती कॅमेऱ्यांचा, आणि कार्डावर भागतं का?

फेब्रुवारीत आम्ही अकरा दिवस पुण्याला लेकीकडे होतो. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी एसी लावला. पंखा फिरतोय, पण हवा गरमच. गच्चीवर जाऊन बघते तर बाहेरच्या युनिटची तांब्याची नळी दोन्हीकडून सफाईनं कापून नेलेली. जुळे सोलापुरात आमच्या लायनीत तिघांकडे हाच प्रकार झाला होता, म्हणूनच तर गच्चीवर कॅमेरा बसवला होता.

ॲप उघडलं. आम्ही गेल्याच्या तिसऱ्या रात्री २ वाजून ४० मिनिटांची सूचना यादीत होती: हालचाल दिसली. ती दाबली तर क्लिपच्या जागी प्लॅन विकत घेण्याचं बटण. कॅमेऱ्यासोबत मिळालेला ३० दिवसांचा फुकट क्लाउड, म्हणजे क्लिपा इंटरनेटवरून कंपनीकडे साठवायची सोय, तीन आठवड्यांपूर्वीच संपला होता. सूचना येतच राहिल्या, म्हणून मला वाटत राहिलं की क्लिपाही साठतायत. मग कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड तपासलं. त्यात मागचे चार दिवस होते, चोरी दहा दिवसांपूर्वीची. घाईघाईनं त्याच रात्री पैसे भरून प्लॅन घेतला, तर जुनं काहीच आलं नाही. येणारही नव्हतं, कारण प्लॅन घेतल्या क्षणापासून पुढचंच साठवलं जातं. हे तेव्हा माहीत नव्हतं.

त्यानंतर महिनाभर मी वही घेऊन या विषयाच्या मागे लागले. तुम्ही नवा कॅमेरा घेतला असेल किंवा घेणार असाल, तर खालच्या क्रमानं जा.

१. आधी हे ठरवा: नुकसान झालेलं तुम्हाला कधी कळेल?

दुकानात पहिला प्रश्न येतो, "सात दिवसांचा देऊ की तीस?" त्याचं उत्तर तुमच्या घराच्या सवयीत असतं. दारासमोरची दुचाकी गेली तर सकाळी दूध घ्यायला दार उघडताच कळतं. तिथे तीन दिवसांचं रेकॉर्डिंगही पुरतं. गच्चीवरची नळी, टाकीचा नळ, मागच्या बाजूची मोटार यांचं तसं नाही. ती वस्तू वापरायची वेळ येईपर्यंत कळतच नाही.

प्रत्येक कॅमेऱ्यापुढे एक आकडा लिहा: त्या जागेकडे तुम्ही जास्तीत जास्त किती दिवस बघत नाही? सुट्टीत गावाला जाता, तेवढे दिवस त्यात धरा आणि वर तीन-चार दिवस ठेवा, कारण कळल्यावरही लगेच क्लिप शोधायला कुणी बसत नाही. माझ्या गच्चीचा आकडा अकरा अधिक चार, म्हणजे पंधरा आला. दाराचा तीन, पण आम्ही गावाला गेलो की तोही पंधरा. सोलापुरातल्याच भवानी पेठेत आई एकटी राहते, तिच्या बोळातल्या कॅमेऱ्याचा आकडा दोन, कारण शेजारच्या काकू रोज डोकावतात आणि काही झालं तर मला संध्याकाळच्या आत फोन येतो.

हा आकडा हातात नसेल तर साठ दिवसांचा प्लॅनही वाया जाऊ शकतो. एसी दिवाळीनंतर थेट होळीला लावणाऱ्यांना कुठलाच नेहमीचा प्लॅन पुरणार नाही. त्यांनी पंधरा दिवसांतून एकदा गच्चीवर चक्कर मारावी, ते स्वस्त पडतं.

२. कार्डात किती दिवस मावतात, हे घरीच मोजा

कॅमेऱ्यात घालायचं मायक्रोएसडी कार्ड भरलं की सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. म्हणून ते किती दिवसांचं आहे हे कॅमेरा दिवसाला किती जागा खातो यावर ठरतं. खोक्यावरच्या "इतके दिवस रेकॉर्डिंग" या ओळीवर जाऊ नका, त्यात कुठलं रेझोल्यूशन धरलंय हे बारीक अक्षरात असतं.

मोजायची पद्धत सोपी. कार्ड ॲपमधूनच फॉरमॅट करा, अखंड रेकॉर्डिंग सुरू करा आणि बरोबर चोवीस तासांनी ॲपमध्ये किती जागा भरली ते बघा. माझ्या गच्चीच्या कॅमेऱ्यानं १४ जीबी खाल्ले. कार्ड ६४ जीबीचं, पण प्रत्यक्ष दिसतात ५९. एकोणसाठ भागिले चौदा, म्हणजे चार दिवस आणि थोडं. चोरी का सापडली नाही, याचा हिशेब दोन मिनिटांत झाला. हाच भागाकार आधी केला असता तर!

ज्यांना ॲपमध्ये बिटरेट दिसतो त्यांच्यासाठी एक आडाखा: १ एमबीपीएसचा कॅमेरा दिवसाला साधारण ११ जीबी लिहितो. दोनचा असेल तर बावीस. सेटिंगमध्ये H.264 आणि H.265 असे दोन पर्याय असतील तर दुसरा निवडा, तेवढ्याच चित्राला जागा बरीच कमी लागते. मात्र बदलल्यावर पुन्हा चोवीस तास मोजा.

मला पंधरा दिवस हवे होते. पंधरा गुणिले चौदा म्हणजे २१० जीबी. त्यामुळे २५६ जीबीचं कार्ड, जे प्रत्यक्षात २३८ भरतं आणि सतरा दिवस देतं. विकत घेण्याआधी तुमचं मॉडेल एवढं मोठं कार्ड घेतं का ते माहितीपत्रकात बघा. काही जुने कॅमेरे १२८ जीबीच्या पुढे जात नाहीत.

कार्ड घेताना दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं, मोबाइलमधलं जुनं कार्ड कॅमेऱ्यात घालणं. कॅमेरा रात्रंदिवस लिहितो, साधं कार्ड त्यानं लवकर मरतं. कॅमेऱ्यासाठीची "हाय एन्ड्युरन्स" कार्डं वेगळी मिळतात आणि काहींच्या पाकिटावर तास छापलेले असतात. १०,००० तास लिहिलं असेल तर चोवीस तास चालणाऱ्या कॅमेऱ्यात ते सुमारे चौदा महिने. दुसरं, स्वस्तातलं बनावट कार्ड, जे २५६ जीबी दाखवतं आणि आत ३२ असतात. विंडोजच्या लॅपटॉपवर `H2testw` नावाचं फुकट सॉफ्टवेअर कार्ड पूर्ण भरून आणि परत वाचून खरं-खोटं सांगतं. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, रात्री लावून झोपा.

आणि सोलापूरचा उन्हाळा विसरू नका. घरात लावायचे बरेच कॅमेरे ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा त्याच्या वर जातो, पत्र्याखालचं तर बोलायलाच नको. गच्चीवर बाहेरचाच कॅमेरा लावा, आणि तोही पश्चिमेच्या उन्हात नको.

३. क्लाउडचे "३० दिवस" म्हणजे कशाचे, ते विचारा

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. बहुतेक प्लॅनमधला इतिहास हा फक्त घटनांचा असतो: कॅमेऱ्याला हालचाल दिसली, त्यानं तुकडा कापला, वर पाठवला. मधला वेळ कुठेच नसतो. अखंड रेकॉर्डिंग वर ठेवणारे प्लॅन वेगळे असतात आणि त्यांचे दिवस कमी. गुगलच्या नेस्ट कॅमेऱ्यांचं उदाहरण घ्या. त्यांच्या वरच्या प्लॅनमध्ये घटनांचा इतिहास ६० दिवसांचा, पण अखंड चित्रीकरण १० दिवसांचंच. जाहिरातीत नजर मोठ्या आकड्यावर जाते.

शिवाय हे तीस दिवस सरकते असतात. १ तारखेची क्लिप महिन्याअखेरीस पुसली जाते, २ तारखेची त्याच्या दुसऱ्या दिवशी. प्लॅन बंद पडला तर बहुतेक सेवांमध्ये आधीच्या क्लिपाही हातातून जातात. म्हणून बंद करण्याआधी हव्या त्या उतरवून घ्या.

घटनांवर अवलंबून राहण्यात एक खोच आहे. कॅमेऱ्यानं हालचाल ओळखली नाही, तर क्लाउडवर काहीच जात नाही, मग प्लॅन कितीही महाग असो. उलटही तितकंच त्रासदायक. माझ्या गच्चीवर दिवसाला साठ-सत्तर सूचना यायच्या. निम्म्या वाळत घातलेल्या साड्यांच्या, आणि रात्री कॅमेऱ्याच्या दिव्यापाशी जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या. कंटाळून मी सूचनांचा आवाज बंद केला आणि २ वाजून ४० मिनिटांची खरी सूचना त्याच ढिगात गेली.

प्लॅन घेण्याआधी आठवडाभर हे दुरुस्त करा. हालचालीचा भाग आखून कपड्यांची दोरी बाहेर ठेवा, माणूस ओळखण्याचा पर्याय असेल तर तोच चालू ठेवा, आणि भिंगावरचं जाळं झाडूनं काढा. (शेवटचं काम दर पंधरा दिवसांनी करावंच लागतं, कोळी हार मानत नाही.) माझ्या सूचना दिवसाला आठ-दहावर आल्या. आता आवाज चालू आहे.

इंटरनेट किती लागेल, ही भीतीही मोजून घालवता येते. १४ जीबी रोजचा कॅमेरा तासाला सुमारे ०.६ जीबी लिहितो. वीस सेकंदांच्या साठ घटना म्हणजे वीस मिनिटं, म्हणजे साधारण २०० एमबी. एवढं आईकडच्या सिमवाल्या राउटरवरही जातं. पण त्याच राउटरवर अखंड क्लाउड लावलात तर रोजचे २ जीबी साडेतीन तासांत संपतील आणि आई संध्याकाळी फोन करून विचारेल, "मालिका का अडकायली गं?"

४. कॅमेरे मोजा, आणि घरंही मोजा

प्लॅनचे दर दोन पद्धतींनी असतात. एकात कॅमेऱ्यागणिक पैसे, टापोसारख्या कंपन्यांचं असं आहे. दुसऱ्यात एका घरातले सगळे कॅमेरे एका प्लॅनमध्ये, नेस्टचं तसं. कोणता स्वस्त, हे तुमच्याकडे कॅमेरे किती यावर ठरतं. एक-दोन असतील तर पहिला, चार-पाच असतील तर दुसरा बहुधा परवडतो.

गोम "एका घरातले" या शब्दांत आहे. माझ्याकडे तीन कॅमेरे: जुळे सोलापुरात दार आणि गच्ची, भवानी पेठेत आईचा बोळ. ॲपमध्ये सगळे एकाच यादीत दिसतात म्हणून एकच प्लॅन पुरेल असं मी धरून चालले होते. पण घरागणिक प्लॅनमध्ये दुसरा पत्ता म्हणजे दुसरं घर, दुसरे पैसे. तुमचा कारखाना अक्कलकोट रोडला आणि घर शहरात असेल तर हे आधीच विचारून घ्या.

कॅमेऱ्यागणिक घेत असाल तर आणखी एक विचारा: कॅमेरा बिघडला तर तो प्लॅन नव्या कॅमेऱ्यावर हलवता येतो का? वर्षाचे पैसे एकदम भरण्याआधी याचं उत्तर हवंच.

५. कुठला कॅमेरा क्लाउडवर आणि कुठला कार्डावर

मी दुकानात विचारलं तेव्हा तो मुलगा म्हणाला, "मॅडम, क्लाउड घेतला की कार्ड कशाला लागतंय?" हे चुकीचं आहे. दोघांची मरणं वेगवेगळी आहेत. लाइट जाऊन राउटर बंद पडला की क्लाउड थांबतो. कॅमेऱ्याला बॅटरीचा आधार असेल तर कार्डावर मात्र लिहिणं चालूच राहतं. चोरानं कॅमेराच उपटून नेला तर कार्ड त्याच्या खिशात जातं, पण वर गेलेली क्लिप वाचते.

म्हणून मी प्रत्येक कॅमेऱ्याला एकच प्रश्न विचारला: याच्यापर्यंत हात पोचतो का?

दाराचा कॅमेरा साडेसहा फुटांवर आहे, उडी मारली की हाताशी येतो. त्याला क्लाउड घेतला, ३० दिवस घटनांचा, आणि आत १२८ जीबीचं कार्डही ठेवलं. गच्चीचा कॅमेरा जिन्याच्या खोलीवर, शिडीशिवाय पोचता येत नाही. तिथे क्लाउड नाही, २५६ जीबीचं कार्ड आणि अखंड रेकॉर्डिंग, सतरा दिवस. कार्डावर "फक्त घटना" निवडलं असतं तर कितीतरी महिने मावले असते, पण कॅमेऱ्यानं न ओळखलेली हालचाल सापडावी म्हणूनच तर कार्ड ठेवायचं. आईच्या बोळात ६४ जीबीचं जुनं कार्ड तसंच ठेवलं, तिचा आकडा दोन आणि कार्ड देतं चार. तीनऐवजी एकाच कॅमेऱ्याचे पैसे जातात.

राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, फायबरच्या डबीलाही त्याचीच दुसरी वायर. घेताना दोन्हींच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचून घ्या, सगळेच १२चे नसतात. कॅमेऱ्याला वेगळा आधार लागतो, तो विसरला की राउटर चालू आणि कॅमेरा आंधळा.

६. पैसे भरण्याआधी हाताशी हे ठेवा

- कॅमेऱ्याचं बिल आणि खोक्यावरच्या सिरियल नंबरचा फोटो
- तुमचा स्वतःचा ईमेल आणि मोबाइल नंबर, ज्यावर ॲपचं खाते आहे
- वरच्या मोजणीची वही: प्रत्येक कॅमेऱ्याचे हवे असलेले दिवस आणि रोजचे जीबी
- फुकट चाचणी संपण्याची तारीख, फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन दिवस आधीची आठवण लावून
- बँकेच्या कार्डाने पैसे भरत असाल तर परदेशी व्यवहार चालू आहेत का, हे बँकेच्या ॲपमध्ये बघून

दुसऱ्या मुद्द्यावर थोडं थांबा. कॅमेरा बसवायला आलेला मुलगा बऱ्याचदा स्वतःच्याच मोबाइलवर खाते उघडतो आणि तुम्हाला "शेअर" करून देतो. तुम्हाला चित्र दिसतं, सगळं छान वाटतं. पण मालक तो. प्लॅन त्याच्या खात्याला लागतो आणि तुमचं घर त्याच्या फोनवर दिसत राहतं. ॲपमध्ये "शेअर केलेला कॅमेरा" असं लिहून येत असेल तर त्याच्याकडून काढायला लावा, कॅमेरा रिसेट करा आणि तुमच्या खात्यात नव्यानं जोडा. माझ्या भावाकडे हे दोन वर्षं असंच चालू होतं.

दर वर्षी आपोआप पैसे कापले जाणार असतील तर बँकेनं किमान २४ तास आधी तसा संदेश पाठवायचा असतो. तो जाहिरात समजून पुसू नका. आणि पैसे कापले गेले नाहीत तर प्लॅन गुपचूप बंद पडतो, माझा फुकटचा पडला तसाच.

७. स्वतःच चोर होऊन बघा

सगळं लागलं की एका संध्याकाळी ही चाचणी करा. घरातल्या कुणाला तरी ॲप घेऊन आत बसवा. तुम्ही दारासमोर या, दहा सेकंद थांबा आणि कॅमेऱ्याचा प्लग काढा. मग बघा, क्लाउडवर काय पोचलं? आमच्या पहिल्या प्रयत्नात काहीच पोचलं नव्हतं. कॅमेरा पूर्ण तुकडा तयार झाल्यावर वर पाठवत होता आणि त्याआधीच मी वीज तोडली होती. कॅमेरा फाटकाकडे वळवून माणूस दारापाशी येण्याआधीच दिसेल असा केला, राउटर हॉलमधून पुढच्या खोलीत आणला. दुसऱ्या वेळी माझा चेहरा असलेला तुकडा वर होता.

नंतर राउटर बंद करून कार्ड तपासा. आणि दर महिन्याच्या १ तारखेला कार्डातलं सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग उघडा. तारीख तुमच्या आकड्याइतकी मागे जात असेल तर ठीक. ते उघडतच नसेल किंवा मध्येच तास गायब असतील तर कार्ड मरायला लागलंय. कॅमेरा वरून तसाच हिरवा दिवा दाखवत राहतो, म्हणून हे हातानंच बघावं लागतं.

८. क्लिप पोलिसांना द्यायची वेळ आली तर

सापडल्या सापडल्या ॲपमधून मूळ क्लिप फोनवर उतरवा, सरकत्या दिवसांची वाट बघू नका. घटनेच्या आधीची आणि नंतरची दहा-दहा मिनिटंही घ्या. क्लिप व्हॉट्सॲपवर साध्या व्हिडिओसारखी पाठवली तर ती दाबली जाते, चेहरा आणि गाडीचा नंबर धूसर होतो. पेनड्राइव्हवर मूळ फाइल द्या, आणि एक प्रत स्वतःकडे हात न लावता ठेवा.

कार्डावर असेल तर आधी कॅमेरा बंद करून कार्ड काढा, नाहीतर तुम्ही अर्ज लिहीपर्यंत तेच पुसलं जाईल. त्या जागी दुसरं कार्ड घाला. काही कंपन्यांचं कार्ड लॅपटॉपवर उघडत नाही, ते त्याच कॅमेऱ्यात आणि ॲपमध्येच दिसतं, म्हणून फॉरमॅटचा संदेश आला तर "नाही" दाबा.

प्रकरण कोर्टात गेलं तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक कॅमेरा ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलवरून निघणारा तिच्या ठशासारखा आकडा, लिहायची असते. ती मूळ फाइलवरूनच काढायची, कारण फाइल कापली किंवा फिरवून पाठवली की किंमत बदलते. कॅमेऱ्याचं बिल आणि सिरियल नंबर वरच्या यादीत का ठेवला, ते इथे कळेल: कॅमेरा कोणता आणि कुणाच्या ताब्यात होता, हे त्यात लिहावं लागतं.

माझ्याकडे द्यायला क्लिप नव्हती. तक्रारीत मी फक्त वेळ लिहिली, २ वाजून ४० मिनिटं.